‘मागचा टायर आधी झिजला, म्हणजे चाकात दोष’ असं सांगून घेतलेले ५,३०० रुपये

भांडुप ते अंधेरी, रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. बाइक साधीच, ११० सीसीची. मागचा टायर संपत आला होता आणि पावसाळा तोंडावर होता. ऑफिसजवळच्या एका टायरवाल्याकडे सकाळी बाइक ठेवली आणि सांगितलं, मागचा बदला. तासाभराने फोन आला.

“साहेब, टायर बदलून उपयोग नाही. दोन्ही टायर एकाच साइजचे आहेत ना? मग मागचा गुळगुळीत आणि पुढचा अर्धा शिल्लक, असं कसं? मागच्या चाकात प्ले आहे. बेअरिंग आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश गेलेत. आत्ता नाही केलं तर नवा टायरपण सहा महिन्यांत खाऊन टाकेल.”

संध्याकाळी गेलो तेव्हा चाक लावून झालं होतं. तरी त्याने मुद्दाम दुसऱ्या एका बाइकच्या मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राला, धरून हलवून दाखवलं, थोडं हललं, आणि म्हणाला, “तुमचं याच्याहून जास्त होतं.” बिल असं होतं: मागचा टायर १,८५०, पुढचा टायर १,७५० (“जोडीनेच बदलायचे असतात”), बेअरिंग ४५०, बुश ३५०, मजुरी ९००. एकूण ५,३००. जुना पुढचा टायर कुठे आहे विचारलं, तर “भंगारात गेला.”

या बोलण्यातून काढलेला निष्कर्ष खरा नव्हता. पण ऐकायला ते इतकं पटणारं आहे, की सविस्तर लिहितोय.

मागचा टायर पुढच्याआधी झिजतो हा दोष नाही, बाइकचा स्वभाव आहे. इंजिनची सगळी ताकद चेनमधून मागच्या चाकाला मिळते, म्हणजे प्रत्येक वेळी क्लच सोडला की रस्त्याला घासतो तो मागचा टायर. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे किती वेळा होतं ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. चालवणाऱ्याचं वजनही मागच्या चाकावर जास्त येतं, आणि मागे कोणी बसलं तर त्यांचं जवळजवळ सगळं तिथेच. आमच्याकडे सकाळी बायकोला स्टेशनवर सोडायचं असतं, त्यामुळे हा भार रोजचा. वर आपल्यापैकी बऱ्याच जणांचा ब्रेक म्हणजे पायाचा, मागच्या चाकाचा. साधारण हिशेब असा की रोजच्या शहरी वापरात मागचा टायर पंधरा ते पंचवीस हजार किलोमीटर जातो आणि पुढचा त्याच्या दीडपट ते दुप्पट. म्हणजे पुढच्या एका टायरच्या आयुष्यात मागचे दोन होणं ही नेहमीची गोष्ट. जोडीने बदलायची गरज नसते. पुढचा बदलायचा तो त्याची स्वतःची नक्षी संपली, तडे गेले किंवा वय झालं तर.

‘एकाच साइजचे’ हा युक्तिवाद टायरच्या अंगावरच खोटा ठरतो. माझ्या बाइकला दोन्हीकडे ८०/१००-१८ आहे, पण त्यापुढचा आकडा वेगळा: पुढे ४७ पी, मागे ५४ पी. हा भाराचा आकडा. ४७ म्हणजे टायर १७५ किलो पेलतो, ५४ म्हणजे २१२ किलो. मागच्या चाकावर जास्त ओझं येणार हे बाइक बनवणाऱ्यांनी धरलेलंच आहे. म्हणूनच पुढचा टायर काढून मागे लावायचा जुगाडही करू नये. हवेचंही तसंच. माझ्या बाइकच्या स्टिकरवर पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि मागे माणूस बसल्यावर त्याहून बरीच जास्त हवा लिहिली आहे. पंपावर मुलगा न विचारता दोन्हीकडे सारखीच भरतो, ते पाहत राहा.

मग बेअरिंग खरंच गेलं असेल तर कसं कळतं? भांडुपमधल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककाकांनी दाखवलं. बाइक मेन स्टँडवर घ्यायची आणि मागचा टायर वर-खाली दोन हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे ढकलायचा. कट-कट जाणवलं तर बेअरिंग किंवा बुश पाहावे लागतात. चाक फिरवल्यावर घरघर आली तरी. पण स्प्रॉकेट धरून हलवलं तर ते थोडं हलणारच, कारण त्याच्या आणि चाकाच्या मध्ये झटका खाणारे रबर असतात. चांगल्या बाइकवरही तो प्ले दिसतो. टायरवाल्याने नेमकं तेच दाखवलं होतं. झिजण्याची तऱ्हाही बोलते. चाक तिरकं बसलं असेल तर टायर एका बाजूने जास्त खातो, खिळखिळं असेल तर लाटांसारखा. माझा जुना मागचा टायर मधोमध एकसारखा सपाट झाला होता. सरळ रस्त्यावर चालणाऱ्या बाइकचा असाच होतो.

काकांनी मग स्विंग आर्मच्या मोठ्या बोल्टकडे बोट केलं. बुश बदलायचे तर तो बोल्ट काढावाच लागतो. नटवर गंज आणि वाळलेला चिखल जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडासुद्धा नाही. बेअरिंगबद्दल असं ठामपणे सांगता येत नाही, कारण टायर बदलताना चाक निघतंच. पण सील जुनंच आणि आजूबाजूचं ग्रीस काळं होतं.

आणखी एक गोष्ट काकांनीच पाहिली. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या ‘नव्या’ मागच्या टायरवर १४२१ होतं, म्हणजे २०२१ मधला चौदावा आठवडा. बसवला २०२४ च्या मे महिन्यात. तीन वर्षं कुठल्या तरी पोटमाळ्यावर पडून राहिलेला माल. नक्षी पूर्ण असली तरी रबर वयाने कडक होतं, आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा पुलाच्या लोखंडी सांध्यावर त्याची पकड कमी पडते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात हाच भाग सर्वांत वाईट. पैसे जातात ते वेगळं, इथे माणूस पडू शकतो. टायर बसवण्याआधी हे चार आकडे स्वतः वाचावेत. वर्षभराच्या आतला मागावा, नसेल तर दुसरं दुकान.

कधी बदलायचा हेही टायरच सांगतो. बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्या सरळीत खाचेत पाहिलं की तळाशी एक उंचवटा दिसतो, दुचाकीला सुमारे ०.८ मिलिमीटरचा. नक्षी त्याच्या पातळीला आली की टायर संपला. मुंबईत मात्र मी तिथपर्यंत थांबत नाही. मे महिन्यात मागच्या टायरची खाच दोन मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाआधीच बदलतो. खोली मोजायचं गेज स्वस्तात मिळतं. पाच वर्षं झालेला टायर, नक्षी असली तरी, दरवर्षी तड्यांसाठी तपासून घ्यावा.

बोल्टचा आणि त्या चार आकड्यांचा फोटो घेऊन मी दुकानात परत गेलो. आधी आवाज चढला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तिथूनच फोन लावतो म्हटल्यावर मालक बाहेर आला. मागचा टायर बदलून २०२४ चा दिला, बुशचे ३५० आणि मजुरीतले ५०० परत केले. बेअरिंगचे पैसे नाही दिले. माझा अर्धा शिल्लक असलेला पुढचा टायर मात्र भंगारात नव्हता. दुकानाच्या मागे, सेकंडहँडच्या ढिगात, धुऊन काळं पॉलिश मारून ठेवलेला होता.