कंपनी स्वतःहून गुंडाळताना: लिक्विडेटर कोण नेमतो आणि घेणेकऱ्यांचं मत कुठे मोजलं जातं

सांगली-साताऱ्यात ‘अवसायनात काढली’ हे शब्द ऐकले की माणसाला पतसंस्था आठवते. तिथे अवसायक नेमतो सहकार खात्याचा निबंधक. ठेवीदाराला कोणी विचारत नाही. म्हणून एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा मालक माझ्याकडे ‘बंद करायचीय’ म्हणून येतो, तेव्हा त्याच्या डोक्यात तेच चित्र असतं: सरकार कुणालातरी पाठवेल, तो कुलूप लावेल. कंपनीचं तसं नसतं. लिक्विडेटर, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस, कोणी आणायचा हे कोणत्या रस्त्याने जाता त्यावर ठरतं, आणि घेणेकरी, म्हणजे ज्यांचं आपण देणं लागतो ते, रस्त्यागणिक वेगळ्या खुर्चीवर बसतात.

दुसरा गोंधळ इंटरनेटवरचा. ‘क्रेडिटर्स व्हॉलंटरी वाइंडिंग अप’ शोधलं की दोन प्रकारचा मजकूर पुढे येतो. एक इंग्लंडचा, तिथे ही पद्धत आजही चालते. दुसरा आपल्याच 1956 च्या कंपनी कायद्याचा. तो वाचून माणसं म्हणतात, घेणेकऱ्यांची सभा बोलावू, ते लिक्विडेटर निवडतील, विषय संपला. आपल्याकडे तो रस्ता आता उरलेला नाही. तरी जुनी रीत आधी सांगतो, कारण आजच्या दोन रस्त्यांमध्ये काय गेलं ते तिच्याशी ताडल्यावरच कळतं.

जुन्या कायद्यात देणी भागणार नाहीत अशी कंपनीसुद्धा स्वतःहून समापनात जाऊ शकत होती. भागधारकांची सभा ज्या दिवशी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घेणेकऱ्यांची सभा. कंपनीची खरी स्थिती, घेणेकऱ्यांची यादी आणि कुणाचे अंदाजे किती, हा कागद संचालकांनी सभेपुढे ठेवायचा. अध्यक्षस्थानी संचालकांपैकीच एक बसायचा, म्हणजे शिव्या खायलाही तोच. लिक्विडेटरचं नाव दोन्ही सभा सुचवू शकत. नावं वेगळी निघाली तर घेणेकऱ्यांचं नाव चालायचं. कुणाला पटलं नाही तर सात दिवसांत कोर्टात जायचं. शिवाय लिक्विडेटरवर नजर ठेवायला घेणेकरी पाच जणांपर्यंतची तपासणी समिती नेमू शकत. कंपनी बुडते आहे तर उरलेलं घेणेकऱ्यांचं, मग सांभाळणारा माणूसही त्यांचाच, असा तो हिशेब होता.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने हे प्रकरण मोडीत काढलं. 1 एप्रिल 2017 पासून स्वेच्छा लिक्विडेशन म्हणजे संहितेचं कलम 59, आणि ते फक्त सगळी देणी पूर्ण फेडू शकणाऱ्या कंपनीसाठी. देणी भागत नसतील तर कंपनीने स्वतःहून जायची वाट कलम 10, म्हणजे एनसीएलटी, कंपन्यांचं राष्ट्रीय न्यायाधिकरण. आज निवड करायची ती या दोनांत. कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढून घेणं हा तिसरा, स्वस्तातला पर्याय सगळे सीए आधी सुचवतात. पण अंगावर देणी असताना तो मनात आणू नये.

आता एक उदाहरण. ओळख पटू नये इतपत बदललंय, आकडे गोल केलेत. कुपवाड एमआयडीसीत बेदाणा आणि द्राक्षांसाठी पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारी कंपनी. दोघे मित्र संचालक. देणी अशी: बँकेची कॅश क्रेडिट 62 लाख, कागद आणि गोंद पुरवणाऱ्यांचे 41 लाख, त्यात एकट्या पेपर मिलचे 28, एका संचालकाच्या सख्ख्या भावाने दिलेलं कर्ज 25 लाख, कामगारांची ग्रॅच्युइटी आणि पगार 12 लाख. एकूण 140 लाख. समोर मालमत्ता: प्लॉट आणि शेड 100, मशिनरी आणि माल 38, बाजारातली येणी 30. बेरीज 168 लाख. दोघेही निर्धास्त होते.

कलम 59 ची पहिली पायरी म्हणजे बहुसंख्य संचालकांचं शपथपत्र: आम्ही कंपनीची पूर्ण चौकशी केली, मालमत्ता विकून सगळी देणी फिटतील, कुणाला फसवायला हे करत नाही. सोबत दोन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, आणि मूल्यांकन करून घेतलं असेल तर तो अहवाल. त्या शपथपत्रासाठी आम्ही 168 पुन्हा मोजले. एमआयडीसीची हस्तांतरणाची रक्कम, कर, जाहिरात, लिक्विडेटरचं मानधन मिळून 17 वजा, उरले 151. देणी 140. फरक फक्त 11 लाखांचा. आणि येण्यांच्या यादीत तासगावच्या एका व्यापाऱ्याकडचे 14 लाख होते, दोन हंगाम फोन न उचलणाऱ्याचे. ते धरले नाहीत तर हातात 137. म्हणजे तीन लाख कमी.

माझ्या अनुभवात निर्णय बहुतेक वेळा इथेच लागतो, कलमांच्या वाचनात नाही. ताळेबंदातली येणी ही बऱ्याचदा आशा असते. ती शपथेवर धरायची नाही.

दुसरी अट थकबाकीची. कलम 59 ला कंपनीने देणं चुकवलेलं असून चालत नाही, आणि चुकवणं म्हणजे मुदत झाली आणि पैसे दिले नाहीत, एवढंच. दिवाळखोरीच्या अर्जाला लागणारी एक कोटीची मर्यादा वेगळी. तिच्याकडे बोट दाखवून ‘आपली थकबाकी कुठे तेवढी आहे’ म्हणणारे भेटतात. पेपर मिलचं बिल तीस दिवसांचं आणि आज पंचाहत्तरावा दिवस असेल, तर आधी ते भागवा. गोंदवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर त्याच्याशी लेखी मुदत वाढवूनही 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही. या घाईत भावाचे पैसे मात्र गुपचूप आधी फेडू नयेत. नातेवाइकाला झुकतं माप दिलेले व्यवहार लिक्विडेटर दोन वर्षं मागे जाऊन उकरू शकतो.

आता नेमणूक. शपथपत्रापासून चार आठवड्यांत भागधारकांचा विशेष ठराव: कंपनी लिक्विडेट करायची, अमुक नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल लिक्विडेटर, त्याचं मानधन इतकं. “मग आपल्याच माणसाला नेमूया की,” एक संचालक म्हणाले. त्यांचा आपला माणूस म्हणजे कंपनीचा ऑडिटर. तो चालत नाही. लिक्विडेटर कंपनीपासून स्वतंत्र हवा. पण स्वतंत्र माणसांतून कोण, हे भागधारकच ठरवतात. जुन्या कायद्याशी तुलना केली की फरक इथे बोचतो. घेणेकरी आता दुसरं नाव पुढे करून ते चालवू शकत नाहीत. त्यांच्या हातात एकच: ठराव मान्य की नाही. ठरावापासून सात दिवसांत रकमेच्या दोन तृतीयांश घेणेकऱ्यांची मान्यता हवी.

डोकी मोजायची नाहीत, रुपये मोजायचे. 140 चे दोन तृतीयांश 93.33 लाख. बँकेचे 62 आणि भावाचे 25 मिळून 87. पुरत नाही. आणि बँक नाही म्हणाली तर बाकी सगळे मिळून 78, ठराव पडला. भावाचं मत मोजायचं का? कलम 59 मध्ये नातेवाइकांना वगळणारा शब्द नाही, म्हणून मोजतात. फक्त त्याच्याच जोरावर आकडा गाठला तर उद्या लिक्विडेटरला उत्तरं द्यावी लागतील, एवढं ध्यानात ठेवावं. सभा घेतलीच पाहिजे असंही कलम म्हणत नाही, लेखी संमती चालते. मी तरी सभा घ्यायला सांगतो. पुरवठादार समोरासमोर बसून मालमत्तेची यादी वाचतो तेव्हा त्याला आठवतं की एक मशीन मागच्या वर्षीच विकलं होतं. अशा चुका कार्यालयात बसून सापडत नाहीत.

कलम 10 चा रस्ता धरला असता तर हेच लोक कसे बसले असते ते पाहा. भागधारकांचा विशेष ठराव लागतो, अर्जात मधल्या काळात कंपनी सांभाळणाऱ्या अंतरिम प्रोफेशनलचं नाव सुचवायचं असतं, पण नेमणूक एनसीएलटी करते, आणि आपल्याला त्यासाठी मुंबई. दावे गोळा झाल्यावर बनणाऱ्या समितीत मत फक्त वित्तीय, म्हणजे कर्जाऊ पैसे देणाऱ्या, घेणेकऱ्यांना. इथे ते दोन, बँक आणि भाऊ. भाऊ संचालकाचा नातेवाईक, म्हणून मताला मुकला. राहिली बँक, शंभर टक्के. पुढे प्रोफेशनल तोच ठेवायचा की बदलायचा, कंपनी वाचवायची की लिक्विडेशनला पाठवायची, यांना 66 टक्के लागतात, ते बँकेच्या एका सहीत आले. पेपर मिलचा माणूस 28 लाख अडकलेले असताना, पुरवठादारांची देणी एकूण दहा टक्क्यांच्या वर आहेत म्हणून प्रतिनिधी या नात्याने बैठकीत फार तर बसू शकला असता. हात वर करू शकला नसता.

मग कलम 10 कुणी घ्यावं? ज्याची बेरीज खरोखर जमत नाही त्याने. वसुलीचे दावे थांबतात, हा त्याचा मोठा फायदा. 59 मध्ये ओढूनताणून शिरलात आणि देणी फिटत नाहीत असं लिक्विडेटरला दिसलं, तर त्याने एनसीएलटीकडे जाऊन प्रक्रिया थांबवायला सांगायचं असतं. वेळ गेला, शपथपत्र अंगावर आलं, आणि शेवटी मुंबई चुकली नाहीच. वेळेचा फरकही मोठा. 59 मध्ये घेणेकऱ्यांची मान्यता लागली असेल तर 270 दिवसांत आवरायचं, एनसीएलटीकडे जायचं ते शेवटी विसर्जनाच्या आदेशासाठी. कलम 10 मध्ये लिक्विडेशनच्या आधीच 180 दिवसांची प्रक्रिया, वाढ मिळाली तर आणखी. वैयक्तिक हमी मात्र दोन्हीकडे तशीच राहते. बँकेच्या कागदावर सही केलेला संचालक कंपनी विसर्जित झाल्याने सुटत नाही.

कुपवाडच्या मंडळींनी 14 लाखांची येणी शून्य धरली आणि भावाने आपल्या कर्जातले 10 लाख लेखी सोडले. देणी 130 वर आली, हातात 137, आणि दोन तृतीयांश म्हणजे 86.67 लाख. बँक 62 आणि भाऊ 15 धरून 77. आता पेपर मिलची सही मिळाली की आकडा पुरत होता. त्याहून नाजूक गोष्ट बँकेची: शाखाधिकारी अशा पत्रावर सही करत नाही, फाईल वरच्या कार्यालयात जाते, आणि सात दिवस तिथेच संपतात. म्हणून ठरावाचा मसुदा, मूल्यांकन आणि लिक्विडेटरचं संमतीपत्र आम्ही महिनाभर आधी बँकेला दिलं, आणि तोंडी ‘हो’ नव्हे, लेखी उत्तर आल्यावरच भागधारकांच्या सभेची तारीख काढली.

घेणेकऱ्यांची सभा ठरावाच्या तिसऱ्या दिवशी, शेडमध्येच, बंद पडलेल्या कोरुगेशन मशीनशेजारी खुर्च्या टाकून. पेपर मिलच्या प्रतिनिधीने दोन प्रश्न विचारले: लिक्विडेटर तुमचा कोण, आणि मानधन किती. पहिल्यावर लिक्विडेटर स्वतः उठून बोलला, दुसऱ्यावर ठरावाची प्रत पुढे सरकवली. त्याने ती दोनदा वाचली, मालकाला फोन लावायला बाहेर गेला, परत येऊन 28 लाखांसमोर सही केली. मान्यता 105 लाखांवर गेली. पाचव्या दिवशी लिक्विडेटरची जाहिरात एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात आली, आणि दावे दाखल करायचे तीस दिवस ठरावाच्या तारखेपासून चालू झालेलेच होते.