कमिशन विक्रीवर, मार्जिनवर की नव्या गिऱ्हाइकावर?

समजा, भोसरीत एअर कॉम्प्रेसर आणि त्यांचे सुटे भाग विकणारी एक डीलरशिप आहे. सेल्समन पाच-सहा, कमिशन विक्रीवर सरळ ३ टक्के. विक्री दरवर्षी वाढते, पण मार्चअखेर मालकाच्या हातात उरतं तेवढंच.

एका मशिनचा हिशेब मांडला की कारण दिसतं. यादीतला भाव १,००,००० रुपये, खरेदी ७०,०००, दोन्ही जीएसटी सोडून. यादीच्या भावाने मशिन गेलं तर सेल्समनला ३,००० मिळतात. त्याने १० टक्के सूट दिली, तर ९०,००० वर २,७००. म्हणजे त्याचे गेले ३०० आणि मालकाचे १०,०००. तीनशे रुपयांसाठी समोरच्या पर्चेसवाल्याशी तासभर घासाघीस कोण करत बसेल? मी तरी नाही करणार.

आता तेच कमिशन मार्जिनवर १० टक्के ठेवा. यादीच्या भावाला पुन्हा ३,०००च मिळतात, पण सूट दिली की मार्जिन २०,००० वर येतं आणि कमिशन २,००० वर. मालकाचा एक तृतीयांश गेला, तसा सेल्समनचाही गेला. सूट द्यायची की नाही, हे आता तो स्वतःच दोनदा विचार करून ठरवतो.

यावर मालकांची हमखास तक्रार अशी, की मार्जिन सांगायचं म्हणजे खरेदीचा भाव उघड करायचा. तशी गरज नाही. दर तिमाहीला प्रत्येक मालाचा एक आधारभाव जाहीर करायचा आणि त्याच्या वरच्या रकमेवर कमिशन द्यायचं. आधारभाव खऱ्या खरेदीपेक्षा थोडा वर असला तरी चालतो. कमिशनचा टक्का तेवढा वाढवून घ्यायचा. फक्त तिमाही चालू असताना आधारभाव बदलू नका, नाहीतर माणसाचा हिशेबावरचा विश्वास उडतो.

मार्जिनच्या पद्धतीतही सूट लपतेच, फक्त बिलावर दिसत नाही. भाव पूर्ण लावलेला असतो, पण वाहतूक फुकट, पहिली सर्व्हिस फुकट, ३० दिवसांच्या उधारीचे ९० दिवस, नाहीतर महिन्याभराने निघालेली क्रेडिट नोट. हे सगळं त्याच बिलाच्या मार्जिनमधून वजा करायचं आणि कमिशन पैसे जमा झाल्यावरच द्यायचं. बिलं लावणाऱ्याचं काम वाढतं, हे मान्य. तुमच्याकडे भाव पक्के असतील आणि सेल्समनला सूट द्यायचा अधिकारच नसेल, तर या भानगडीत पडू नका. तिथे विक्रीवरचं कमिशन सोपं आणि पुरेसं आहे.

पण मार्जिनवर आलात तरी जुन्या गिऱ्हाइकाचा प्रश्न उरतोच. वाढ हवी म्हणून बरेच जण फक्त नव्या गिऱ्हाइकावर जास्त टक्का देतात. दोन सेल्समन घ्या, दोघांच्या एरियाचं गेल्या वर्षीचं मार्जिन ४० लाख. पहिल्याने नवं ९ लाखांचं आणलं, पण जुनं ७ लाखांचं घालवलं. दुसऱ्याने नवं ३ लाखांचं आणलं, जुनं १ लाखाचंच गेलं. दोघेही ४२ लाखांवर. नव्यावर १० टक्के दिले, तर पहिल्याला ९०,००० आणि दुसऱ्याला ३०,०००. कंपनीला दोघांनी दिलं सारखंच, शाबासकी मात्र गळक्या बादलीला.

शिवाय ‘नवं’ कोणाला म्हणायचं, यावर वाद होतात. जुन्याच मालकाने दुसऱ्या राज्यात नोंदणी केली की जीएसटीआयएन बदलतो आणि नाव नव्यांच्या यादीत येतं. जीएसटीआयएनमधली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन. ती जुळली तर गिऱ्हाईक जुनंच.

दुसरा मार्ग निव्वळ वाढीवर देण्याचा: यंदाचं एकूण मार्जिन वजा गेल्या वर्षीचं. गेलेलं गिऱ्हाईक यात आपोआप वजा होतं. पण ज्याने यंदा जोर लावला, त्याचा पाया पुढच्या वर्षी उंच होतो. हे कळलं की हुशार माणूस मार्चची ऑर्डर एप्रिलमध्ये ढकलतो. एखादा कारखाना बंद पडला तर काहीही चूक नसताना मार बसतो.

म्हणून मी दोन्ही जोडेन: सगळ्या मार्जिनवर ४ टक्के आणि निव्वळ वाढीवर आणखी १२ टक्के. वर सांगितलेल्या दोघांनाही १,६८,००० अधिक २४,०००, म्हणजे १,९२,००० पडतात. पाया एका वर्षाचा न धरता तीन वर्षांच्या सरासरीचा धरला, तर ऑर्डर ढकलण्यात फारसं काही राहत नाही. विक्री वाढती असेल तर सरासरीचा पाया खालचा येतो आणि वाढ मोठी दिसते, मग वाढीचा टक्का थोडा खाली आणायचा. बंद पडलेला कारखाना पायातून काढायचा, पण मालकाच्या सहीनेच.

जाहीर करण्याआधी गेल्या वर्षीची बिलं या सूत्रातून काढून बघा. ज्याची कमाई सगळ्यात जास्त घटते, त्याची पंधरा-वीस बिलं हातात घ्या. सूट त्याने दिली होती की तुम्हीच फोनवर ‘देऊन टाक’ म्हणाला होतात, ते तिथे कळेल. मालकाने दिलेली सूट सेल्समनच्या मार्जिनमधून कापायची नाही, हा नियम कागदावरच लिहून ठेवा.