wc आठ महिने वापरल्यावर: ४२ जास्तीची पाकिटं आणि एक ‘ऊ’

सोलापुरात नव्या पेठेजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. मराठी मजकूर टाइप करून देणं, पत्रिका, नोटिसा, पाकिटांवर पत्ते छापणं, असली कामं. मजकुराचा दर शब्दावर आणि पाकिटांचा दर नगावर, त्यामुळे दिवसभर मोजामोज चालू असते. आठ महिन्यांपूर्वी दुकानातला जुना संगणक लिनक्सवर नेला आणि तेव्हापासून मोजायला wc वापरतोय. ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे. फाइलचं नाव दिलं की ओळी, शब्द आणि बाइट असे तीन आकडे याच क्रमाने पुढ्यात टाकते. वेगाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शंभरेक फाइली एकदम दिल्या तरी चहाचा घोट संपायच्या आत खाली total ची ओळ येते.

पहिल्या आठवड्यात चक्रावलो ते बाइटमुळे.

```
$ printf 'सोलापूर\n' | wc
      1       1      22
```

डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मग २२ कुठून आले? UTF-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, उकार ही वेगळी चिन्हं धरली जातात. स, ो, ल, ा, प, ू, र अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट, आणि ओळ संपल्याचा एक. -m लावलं तर ८ येतात. म्हणजे ‘अक्षरं’ म्हणून मिळणारा आकडाही आपण शाळेत मोजायचो तो नव्हे. तरी एसएमएसचा मजकूर तपासायला -m कामाचा आहे, कारण मराठी एसएमएस ७० चिन्हांचा असतो आणि तिथेही काना-मात्रा वेगळ्याच धरतात. फक्त फाइलच्या शेवटची नवी ओळ त्यात एकाने भर घालते, ती वजा करायची.

दुसरी खोड ओळींची. -l खरं तर ओळी मोजतच नाही, ओळ संपल्याची खूण मोजतो. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेला नसेल तर ती ओळ हिशेबात येत नाही. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पाठवलेल्या याद्यांत हे हमखास होतं. ६० नावं असतात, आकडा ५९ दाखवतो. अशा वेळी मी grep -c '' वापरतो. त्यात शेवटची अर्धवट ओळही धरली जाते.

एक-दोनचा फरक माणूस चालवून घेतो. ४२ चा कसा चालवायचा?

एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिसा पोस्टाने जायच्या होत्या. सभासदांची यादी त्यांनी स्प्रेडशीटमधून Unicode Text प्रकारात काढून पेन ड्राइव्हवर आणून दिली. मी wc -l मारलं, ४५५ आले. वरची मथळ्याची एक ओळ सोडली तर ४५४ पत्ते. तेवढ्याचा अंदाज लिहून दिला, पाकिटं मोजून बाजूला काढली आणि छपाई लावली. छापून झाल्यावर ४२ पाकिटं पत्त्याविना उरली. बायकोने गठ्ठे दोनदा मोजले, ४१२ च भरले. नोटिसा न्यायला आलेले काका म्हणाले, “काय ओ, तुमचं यंत्र आमचे सभासद वाढवतंय की काय? मतदान जवळ आलंय, जरा जपून!”

यादीत रिकाम्या ओळी असतील असं आधी वाटलं. एडिटरमध्ये उघडून पाहिलं, एकही नव्हती. मग टर्मिनलवर cat मारलं तर मराठीचा पत्ताच नाही, नुसता चिन्हांचा कचरा आणि मध्ये लांबलचक मोकळ्या जागा. त्या कचऱ्यात एक गोष्ट डोळ्यात भरली: - आणि > ही जोडी आली की पुष्कळदा पुढची ओळ मध्येच तुटायची. एडिटरशी ताडून पाहिलं तर त्या जागी ‘भाऊसाहेब’ होते. तेवढं एक नाव वेगळं काढून पाहिलं:

```
$ printf 'भाऊ' | iconv -f UTF-8 -t UTF-16LE | xxd
00000000: 2d09 3e09 0a09                           -.>...
```

फाइल UTF-8 नव्हतीच, UTF-16 होती. तिच्यात प्रत्येक चिन्हाला दोन बाइट असतात. भ चे 2d 09, काना 3e 09 आणि ऊ चे 0a 09. आता 0a हा बाइट म्हणजेच ओळ संपल्याची खूण! युनिकोडमध्ये ऊ चा क्रमांक 090A आहे, त्याचा मागचा अर्धा भाग बरोबर या खुणेवर पडतो. wc -l बिचारा बाइट बघत जातो. त्याला भाऊसाहेब, राऊत, माऊली निवास, राऊतवस्ती यांतल्या प्रत्येक ‘ऊ’ पाशी एक ओळ संपलेली दिसते. आपल्या जिल्ह्यात माऊली आणि भाऊ यांची काय कमी! दुसऱ्या कुठल्या मराठी अक्षरामुळे हे होत नाही. ‘ऊस’ एक ओळ वाढवेल, ‘उसाला’ वाढवणार नाही, कारण तिथे उ ऱ्हस्व आहे.

खात्री अशी केली:

```
iconv -f UTF-16 -t UTF-8 yadi.txt > yadi8.txt
wc -l yadi8.txt
grep -o 'ऊ' yadi8.txt | wc -l
```

दुसऱ्या ओळीने ४१३ सांगितले, म्हणजे मथळा आणि ४१२ सभासद. तिसरीने ४२. हिशेब पैशाला पैसा जुळला.

अशा फाइलवर शब्दांचा आकडा तर ओळींपेक्षाही बेकार येतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हासोबतचा 09 हा बाइट म्हणजे टॅब, आणि -w तर मोकळ्या जागेवरच शब्द तोडतो. त्यामुळे एकेका नावाचे तीन-चार शब्द होतात. मला आता यावरूनच संशय येतो. चार रकान्यांच्या यादीत ओळीमागे वीस-पंचवीस शब्द दिसले की मी आधी file yadi.txt मारतो. उत्तरात UTF-16 दिसलं की iconv, त्यानंतरच wc. दर शब्दावर असेल तर हे विसरणं महागात पडतं. माझ्या बाजूने चूक झाली तर गिऱ्हाईक बोंब मारणार, आणि त्याच्या बाजूने झाली तर मलाच कळायचं नाही.

शब्दांच्या बिलाबद्दल एक सांगून ठेवतो. नीट UTF-8 फाइलवरही दोन्ही बाजूंना जागा सोडलेली रेघ wc -w एक शब्द धरतो, आणि ‘येणे-जाणे’ ला एकच. मी दर ठरवतानाच सांगतो की मोजणी याच आज्ञेने होईल, आणि आकडा गिऱ्हाइकाच्या समोर काढतो. त्यानंतर घासाघीस दरावर होते, आकड्यावर होत नाही.

आता दुकानात कुठलीही यादी आली की तिची UTF-8 प्रत आधी तयार होते आणि पाकिटं त्या प्रतीवरून मोजली जातात. पतसंस्थेला बिल ४१२ चंच दिलं. उरलेली ४२ पाकिटं मात्र त्यांचं नाव छापलेली असल्याने कुणाच्या उपयोगाची नाहीत, टेबलाच्या खणात पडून आहेत. बायको त्यांच्या पाठीवर किराण्याची यादी लिहिते.