डमी रकान्यात शून्य लिहायचे की खरा खर्च? असंतुलित वाहतूक समस्येतील पर्यायांची तुलना

गोदामांतला माल शहरांना कमीत कमी भाड्यात पोहोचवण्याच्या गणितात पुरवठा आणि मागणी यांची बेरीज जुळत नसेल, तर पुस्तकातला उपाय एका ओळीचा असतो. माल जास्त असेल तर एक डमी, म्हणजे नावापुरते, गंतव्य जोडा, माल कमी असेल तर एक डमी उगम जोडा, आणि त्याच्या सगळ्या चौकटींत शून्य लिहा. परीक्षेत तेवढ्यावर पूर्ण गुण मिळतात. पण तुम्ही खरोखर गाड्या लावणार असाल, तर त्या शून्याचा अर्थ काय होतो हे आधी ठरवावे लागते. शून्य तसेच ठेवणे, त्याच्या जागी खरा खर्च लिहिणे आणि डमीच न जोडणे, हे तिन्ही पर्याय आपण एकाच उदाहरणावर लावून बघू.

साखरेची तीन गोदामे आहेत आणि माल तीन शहरांना द्यायचा आहे. आकडे कल्पित आहेत आणि हिशेब हाताने करता यावा म्हणून लहान घेतले आहेत. भाडे एका पोत्यामागे रुपयांत आहे.

| गोदाम | पुणे | मुंबई | नागपूर | साठा (पोती) |
|---|---|---|---|---|
| नाशिक | २१ | १७ | ६५ | ६० |
| सोलापूर | २५ | ४० | ५८ | ५० |
| कोल्हापूर | २३ | ३६ | ८५ | ४० |
| मागणी | ५० | ५५ | २५ | |

साठा १५० पोती, मागणी १३०. म्हणजे २० पोती कुठेतरी पडून राहणार. प्रश्न एवढाच, की कुठे?

माल जास्त असताना

२० पोत्यांच्या मागणीचा डमी रकाना जोडला आणि तिन्ही चौकटींत शून्य लिहिले, तर उत्तर असे येते: नाशिकहून मुंबईला ५५ आणि पुण्याला ५, कोल्हापूरची सगळी ४० पुण्याला, सोलापूरहून नागपूरला २५ आणि पुण्याला ५. सोलापूरची उरलेली २० डमीकडे जातात, म्हणजे जागेवरच राहतात. एकूण भाडे ३,५३५ रुपये. भरलेल्या चौकटी सहा आहेत, आणि ओळी अधिक रकाने उणे एक, म्हणजे ३ + ४ − १ सुद्धा सहाच, त्यामुळे मोडी पद्धतीने तपासायला काही अडत नाही. ही पद्धत प्रत्येक रिकाम्या चौकटीतून एक पोते पाठवले तर एकूण खर्च किती बदलेल, ही तिची किंमत काढते. तपासल्यावर एकाही रिकाम्या चौकटीची किंमत ऋण येत नाही, म्हणजे यापेक्षा स्वस्त वाटप नाही.

आता खरा खर्च लिहून बघू. एक पोते पडून राहिले तर गोदामभाडे आणि विमा मिळून सोलापुरात ६ रुपये, नाशिकला ५ आणि कोल्हापुरात २ रुपये लागतात असे धरा. डमी रकान्यात शून्यांच्या जागी हे आकडे भरले की वाटप बदलते. कोल्हापूर पुण्याला फक्त २० पोती देते आणि २० स्वतःकडे ठेवते, तर सोलापूर पुण्याला ५ ऐवजी २५ देते. बाकी सगळे जागच्या जागी. गाडीभाडे ४० रुपयांनी वाढून ३,५७५ होते, पण साठवणूक फक्त ४० रुपयांत भागते. एकूण ३,६१५. शून्याच्या वाटपाला खरी साठवणूक लावली, तर ३,५३५ अधिक १२०, म्हणजे ३,६५५ होतात. शून्याने ४० रुपये वाचवल्यासारखे दाखवले, पण प्रत्यक्षात तेवढेच घालवले.

रक्कम किरकोळ आहे, पण ती कुठून आली ते बघण्यासारखे आहे. पडून राहणारे एक पोते सोलापुराऐवजी कोल्हापुरात ठेवायचे, तर पुण्याला तेवढे पोते २३ ऐवजी २५ रुपयांत जाईल, म्हणजे भाडे २ रुपयांनी वाढेल. साठवणुकीतला फरक २ रुपयांपेक्षा कमी असता, तर शून्याचेच उत्तर बरोबर ठरले असते. तो ४ रुपये होता म्हणून चुकले.

यावरून एक सोयीची गोष्ट कळते. तिन्ही गोदामांत साठवणूक ६ रुपयेच असती, तर वाटप जसेच्या तसे राहिले असते आणि एकूण खर्चात फक्त २० × ६ = १२० रुपयांची भर पडली असती. डमी रकान्यात जाणारा माल ठरलेला आहे, तो २० पोतीच. त्यामुळे अख्ख्या रकान्यात एकच रक्कम मिळवली किंवा वजा केली तरी कोणते वाटप स्वस्त हे बदलत नाही. म्हणजे शून्य लिहिणे याचा अर्थ ‘पडून राहण्याला काही लागत नाही’ असा घ्यायची गरज नाही. त्याचा खरा दावा एवढाच, की सगळीकडे सारखेच लागते. हा दावा तुमच्या गोदामांना लागू असेल, तर शून्य बिनधास्त लिहा. खरे आकडे गोळा करण्यात वेळ घालवू नका.

नफा वाढवण्याच्या गणितात प्रत्येक आकडा कमाल नफ्यातून वजा करून तक्ता खर्चासारखा करतात. तिथे विद्यार्थी नेहमी अडतात, की ही वजाबाकी डमी जोडण्याआधी करायची की नंतर. आधी केली तर डमीत शून्य राहते, नंतर केली तर सगळ्या डमी चौकटींत कमाल नफ्याचा आकडा येतो. वरच्याच कारणाने दोन्ही रस्ते एकाच वाटपाला पोहोचतात. वाद घालण्यात अर्थ नाही.

पहिले वाटप काढताना

सर्वांत कमी खर्चाची पद्धत वापरत असाल, तर शून्य पायात येते. पद्धतीच्या नजरेला सगळ्यात स्वस्त चौकट डमीचीच दिसते, आणि तीन शून्यांतले कोणते घ्यायचे याला काहीही आधार नसतो. वरच्याच गणितात पहिले शून्य म्हणून नाशिकची २० पोती डमीला दिली, तर नाशिककडे मुंबईसाठी ४० च उरतात. मग मुंबईची १५ पोती सोलापूरहून ४० रुपयांनी न्यावी लागतात आणि पहिलेच उत्तर ३,९०० रुपयांवर जाते. डमी रकाना शेवटी भरायचा असे ठरवून तीच पद्धत चालवली, तर या उदाहरणात पहिल्याच फेरीत ३,५३५ मिळतात. मोडीने पुढे सुधारणा करणार असाल तर शेवट एकच आहे, फक्त फेऱ्या वाढतात. पहिल्या उत्तरावरच थांबणार असाल तर मात्र डमीला शेवटीच हात लावा.

व्होगेलच्या पद्धतीतही हा प्रकार आहे, पण लक्षात येत नाही. ही पद्धत प्रत्येक ओळीतल्या आणि रकान्यातल्या दोन सर्वांत लहान आकड्यांचा फरक दंड म्हणून काढते, आणि ज्याचा दंड सर्वांत मोठा तिथे आधी माल देते. शून्याची चौकट असली की ओळीचा दंड म्हणजे सर्वांत लहान खऱ्या भाड्यातून शून्य वजा, म्हणजे ते भाडेच. त्यामुळे ज्या गोदामाचे सर्वांत स्वस्त भाडेही महाग आहे, तिथला माल आधी बाजूला पडतो. इथे तो सोलापूरचा निघाला आणि उत्तर ३,५३५ आले, पण ही हमी नव्हे.

माल कमी असताना

माझ्या मते शून्याबद्दल खरी सावधगिरी इथे हवी. नाशिकचा साठा ६० ऐवजी ३० च आहे असे धरा. एकूण १२० पोती, मागणी १३०. आता १० पोत्यांचा डमी उगम, म्हणजे तळाला एक जादा ओळ, आणि तिन्ही शहरांखाली शून्य.

उत्तर येते ३,५०० रुपये, आणि दहाही पोत्यांची तूट नागपूरच्या वाट्याला जाते. सोलापूर नागपूरला २५ ऐवजी १५ च देते. हे अपेक्षितच आहे. नागपूरचे पोते न दिल्याने ५८ रुपये वाचतात, तर पुण्याचे न दिल्याने फक्त २५. शून्याच्या ओळीला गिऱ्हाईक कळत नाही, वाचलेले भाडे तेवढे कळते. म्हणून बहुतेक वेळा सर्वांत लांबच्या, महागात पडणाऱ्या गिऱ्हाइकाचाच माल तुटतो. वर्षभर हेच मॉडेल चालवले तर दर टंचाईत तेच गिऱ्हाईक नाराज होणार, आणि ते असे ठरवून कोणी केलेलेही नसणार.

करारात तुटीचा दंड लिहिलेला असेल तर तो या ओळीत भरा. समजा एका पोत्यामागे नागपूरचा ९०, मुंबईचा ६० आणि पुण्याचा ४० रुपये आहे. मग नागपूरची २५ पोती पूर्ण जातात आणि तूट पुण्यावर येते. भाडे ३,८३०, दंड ४००, एकूण ४,२३०. शून्याच्या वाटपाला हाच दंड लावला तर ३,५०० अधिक ९००, म्हणजे ४,४०० होतात.

दंडाचे आकडे नेमके माहीत नसले तरी काम अडत नाही. मोडीत डमी ओळीच्या रिकाम्या चौकटींची किंमत पाहा. शून्याच्या उत्तरात पुण्याखाली ती ३३ आणि मुंबईखाली २० येते. म्हणजे नागपूरचा दंड मुंबईच्या दंडापेक्षा २० रुपयांनी किंवा पुण्याच्या दंडापेक्षा ३३ रुपयांनी जास्त असेल, तरच वाटप बदलेल. विक्री विभागाला ‘नागपूरची तूट नेमकी किती रुपयांची?’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ‘पुण्यापेक्षा नागपूरची तूट पोत्यामागे ३३ रुपयांनी महाग पडते का?’ याचे हो-नाही मात्र लगेच मिळते.

काही गिऱ्हाइकांना माल द्यावाच लागतो. तिथे डमीच्या चौकटीत M, म्हणजे इतर सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठी रक्कम लिहायची, की तूट तिकडे फिरकत नाही. नागपूरला निदान २० पोती हवीतच, पण उरलेल्या ५ वर तडजोड चालेल असे असेल, तर नागपूरचे दोन रकाने करा. एक २० चा, डमीखाली M असलेला. दुसरा ५ चा, डमीखाली शून्य किंवा दंड असलेला. दोन्हींतले भाडे तेच. मग तूट नागपूरवर जास्तीत जास्त ५ पोत्यांची येईल, आणि दंडांच्या जागी शून्यच असेल तर बाकीची ५ मुंबईकडे वळेल, कारण मुंबईचे २० हे पुण्याच्या ३३ पेक्षा कमी आहेत.

डमी न जोडता

एक्सेलमधले सॉल्व्हर किंवा तत्सम साधन वापरत असाल, तर डमीची गरजच नाही. माल जास्त असेल तर गोदामांच्या बेरजेला `<=` आणि शहरांच्या बेरजेला `=` द्या. आत डमी रकान्याच्याच शून्यासारखे शिल्लक चल तयार होतात, त्यामुळे उत्तर ३,५३५ च येते. साठवणूक सारखी नसेल तर मात्र प्रत्येक गोदामाची शिल्लक वेगळ्या सेलमध्ये काढून खर्चात मिळवावी लागते. त्यापेक्षा डमी रकाना दिसायला स्वच्छ, आणि पुढे कोणी फाइल उघडली तर त्यालाही कळतो.

माल कमी असेल तेव्हा चिन्हे उलटी होतात: गोदामांना `=`, शहरांना `<=`. घाईत दोन्हीकडे `<=` राहिले तर सॉल्व्हर कुठलीही तक्रार न करता उत्तर सापडल्याचे सांगतो आणि सगळ्या चौकटींत ० भरतो. खर्च कमीत कमी करायचा आहे आणि काहीच न पाठवण्याला बंदी नाही, मग त्याच्या दृष्टीने तेच बरोबर. गोदामांना `<=` आणि शहरांना `=` असे जुनेच राहिले, तर तो शक्य वाटप नसल्याचे सांगतो. ही चूक निदान दिसते तरी.