शहर आणि गाव दोन्हीकडे एकच प्रश्नावली: छापील मराठी की बोलीतली?

शहरातल्या नोकरदारांना मोबाईलवर लिंक जाणार आणि गावात प्रगणक घरोघरी फिरून तेच प्रश्न विचारणार, असं सर्वेक्षण हातात आलं की पहिला वाद भाषेवरून होतो. एक बाजू म्हणते, प्रमाण भाषा ठेवा, नाहीतर शहरातली माणसं फॉर्म मनावर घेणार नाहीत. दुसरी म्हणते, गावात कुणाला कळणार नाही. अख्ख्या प्रश्नावलीवर असा वाद घातला तर तो सुटत नाही. एकच प्रश्न घ्यावा, त्याची दोन रूपं शेजारी मांडावीत आणि शब्दाशब्दावर थांबावं.

छापील रूप: "आपल्या कुटुंबाचे मागील आर्थिक वर्षातील एकूण उत्पन्न किती होते?"

बोलीतलं रूप: "गेल्या वर्षभरात तुमच्या घरात सगळे मिळून किती पैसे आले?"

'आपल्या' हा आदराचा शब्द खरा, पण त्यात 'तुमच्या' आणि 'आपल्या सगळ्यांच्या' असे दोन अर्थ आहेत. समोरासमोर बोलताना संदर्भावरून निभावून जातं. "आपल्या गावात पाणी किती दिवसांनी येतं?" असं गावातल्याच प्रगणकानं विचारलं की मात्र उत्तर सगळ्या गावाचं येतं, त्या घराचं नाही. 'तुमच्या'त ही अडचण नाही आणि आदरही कमी होत नाही. इथे निर्विवादपणे बोलीतलं रूप घ्यावं.

'कुटुंब' जास्त नाजूक आहे. ग्रामीण भागात जुन्या पिढीतला माणूस 'आमचं कुटुंब' म्हणतो तेव्हा तो बायकोबद्दल बोलत असतो. म्हणून 'घर' घातलं तर वेगळीच पंचाईत होते, कारण एका छपराखाली दोन भाऊ आणि दोन चुली असतात. जनगणनेत कुटुंबाची ओळख एकत्र राहणं आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणं यावरून ठरते. गावात हेच 'एका चुलीवर जेवणारे' असं म्हणतात. म्हणजे इथे बोलीतला शब्दप्रयोग व्याख्येच्या जास्त जवळ आहे! तरीही फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला 'चूल' वाचताना खटकतं. "ज्यांचं जेवण एकत्र शिजतं अशी किती माणसं आहात?" हे वाक्य दोन्हीकडे चालतं. असा दोघांचा शब्द सापडेपर्यंत शोधत राहणं, हेच या कामातलं खरं कष्टाचं काम आहे.

आता 'उत्पन्न'. शेतकऱ्याच्या बोलण्यात 'यंदा उत्पन्न किती झालं?' याचं उत्तर क्विंटलमध्ये असतं. व्याकरणाचा जाणकार म्हणेल की तो अर्थ 'उत्पादन' या शब्दाचा. पण उत्तर देणारा व्याकरण पाहून उत्तर देत नाही. शिवाय तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या 'उत्पन्नाच्या दाखल्या'मुळे हा शब्द ओळखीचा आहे, आणि म्हणूनच अनेकदा दाखल्यावरचा आकडाच सांगितला जातो. छापील शब्द कळला नाही तर माणूस विचारतो तरी. कळल्यासारखा वाटला तर उत्तर येतं, चुकीचं येतं, आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

'पैसे आले' हे रूप मग बिनधोक आहे का? समजा एका शेतकऱ्यानं तीन एकरांत 18 क्विंटल सोयाबीन काढलं आणि 4500 रुपये भावानं विकून त्याला 81 हजार मिळाले. बी, खत, औषध आणि मजुरी मिळून 45 हजार गेले. त्याच वर्षी त्यानं 50 हजारांचं पीककर्जही उचललं. छापील प्रश्नावर तो 'अठरा' म्हणेल. बोलीतल्या प्रश्नावर 1 लाख 31 हजार म्हणेल, कारण कर्जाचे पैसेही घरात आलेच की! त्याचं निव्वळ उत्पन्न आहे 36 हजार. शहरातल्या नोकरदाराचा पगार कागदावर महिना 60 हजार आणि हातात 52 हजार असेल, तर छापील प्रश्नावर तो बहुधा 7 लाख 20 हजार लिहील आणि बोलीतल्यावर 6 लाख 24 हजार. दोन्ही प्रश्न दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं फसतात.

अशा ठिकाणी शब्द बदलून भागत नाही, प्रश्न तोडावा लागतो. शेतीसाठी "माल विकून किती पैसे मिळाले?" आणि त्याच्याच पाठोपाठ "त्या पिकावर खर्च किती झाला?" असं विचारावं. नोकरीसाठी "महिन्याला हातात किती पगार येतो?" आणि "कापून किती जातो?" असं विचारावं. एकाच घरात शेती आणि नोकरी दोन्ही असेल तर चारही प्रश्न विचारावेत.

वर्षाचंही असंच आहे. 1 एप्रिल ते 31 मार्च हे पगारदाराला पाठ असतं. गावात 'दिवाळी ते दिवाळी' विचारलं तर आठवण पक्की येते, पण साधारण वर्ष 354 दिवसांचं आणि अधिक महिन्याचं 384 दिवसांचं असतं. सण आठवणीसाठी वापरावा आणि नोंद महिन्यांत करावी.

छापील भाषेच्या बाजूनं सगळ्यात जास्त ऐकलेला मुद्दा असा की त्यामुळे सगळ्यांना एकच प्रश्न जातो. प्रगणकांसोबत दारोदार बसल्यावर मला हा मुद्दा पटेनासा झाला. 'मागील आर्थिक वर्षातील एकूण' एवढं वाचलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो आणि प्रगणक स्वतःच्या शब्दांत समजावू लागतो. एक म्हणतो 'कमाई', दुसरा 'मिळकत', तिसरा 'पैसा किती सुटतो?' मिळकत म्हणजे जमीन-घर असंही कुणी धरतं, आणि 'सुटतो' म्हणजे खर्च जाऊन उरलेला. कागदावर एकच असलेला प्रश्न प्रत्यक्षात तीन होतो. बोलीतलं वाक्य आधीच नीट लिहून दिलं तर निदान सगळे तेच बोलतील.

पण बोली एक नाही. वऱ्हाडातलं वाक्य कोकणात परकं वाटतं, आणि छापलेलं 'म्हंजी' गावातल्या वाचकालाही टिंगल वाटू शकतं. काही बोलीतले शब्द तर दोन्हीकडे रुळलेले असूनही अर्थानं वेगळे असतात. "तुम्ही सोसायटीचे सभासद आहात का?" यावर शहरातला माणूस राहत्या इमारतीची गृहनिर्माण संस्था समजून 'हो' म्हणेल आणि गावातला पीककर्ज देणारी विविध कार्यकारी संस्था समजून 'हो' म्हणेल. इथे संस्थेचं पूर्ण नावच हवं. मासिक पाळीसारख्या विषयातही मी छापील शब्दच ठेवते. 'अडचण' म्हटलं की नेमकी कसली अडचण, हे धूसर होतं, आणि 'पाळी' हा शब्द आता बहुतेक ठिकाणी कळतो.

'सहमत, तटस्थ, असहमत' गावात तोंडी विचारायला जड जातं. 'पटतं, नक्की सांगता येत नाही, पटत नाही' हे दोन्हीकडे चालतं. फक्त 'तटस्थ' आणि 'नक्की सांगता येत नाही' हे एक नाहीत, तेव्हा दोन्हीकडे एकच ठेवावं.

मी निवडते ते असं: एकच मजकूर, 'केलं-गेलं'ची बोललेली प्रमाण मराठी, 'तुम्ही', आणि सातबारा, रेशनकार्ड यांसारखे सगळ्यांच्या तोंडी असलेले शब्द जसेच्या तसे. वेगळं रूप फक्त शेती-पगारासारख्या प्रश्नांना, आणि कुणाला कोणतं रूप विचारलं याचा रकाना नोंदीत ठेवून. तो नसेल तर शहर-गावातला फरक माणसांचा की शब्दांचा, हे नंतर सांगता येत नाही.

छापण्याआधी दोन्हीकडच्या पाच-सहा जणांना प्रश्न वाचून दाखवावा आणि उत्तराआधी विचारावं, "मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा." त्यांनी वापरलेला शब्द तिथेच लिहून घ्यावा. पहिल्या दिवशीच्या नोंदीत रुपयांच्या रकान्यात 12, 18, 20 असे आकडे दिसू लागले तर काम थांबवून तो प्रश्न बदलावा. ते क्विंटल आहेत.