क्रिस्पी सॅलड की ग्रिल्ड चिकन?

मेनूत ‘सॅलड’ दिसलं की वजन कमी करणारे डोळे झाकून तेच मागवतात. पण खालची बारीक ओळ वाचा. ‘क्रिस्पी’ म्हणजे बहुधा तळलेलं, ‘क्रीमी’ म्हणजे बहुतेक वेळा मेयोनीज. एका मोठ्या चमचाभर तेलातच साधारण 120 कॅलरी असतात, आणि ड्रेसिंग ओततात सढळ हाताने.

शेजारीच ग्रिल्ड चिकन, उकडलेले बटाटे आणि भाज्या असतात. बटाटा उगाच बदनाम झालाय. उकडलेला असेल तर पोटाला चांगला आधार देतो, आणि चिकनमधल्या प्रथिनांमुळे लवकर भूक लागत नाही. मी हेच मागवते, सॉस वेगळा द्यायला सांगून. एक मात्र विचारा: वरून लोणी सोडता का? ते मेनूत सहसा लिहिलेलं नसतं.