रेंडरमधलं चकचकीत छप्पर आणि गायब झालेलं २०८ किलो पोलाद

उभ्या शिवणीच्या पत्र्याचं छप्पर घेण्याच्या विचारात असाल, तर सही करण्याआधी हे वाचा. आमच्या घराच्या या छपरात आम्ही सरळसरळ लुबाडलो गेलो आहोत. रागात लिहितो आहे, पण आकडे मोजून आणि वजन करूनच दिले आहेत.

आम्हाला दाखवलं ते रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं छपराचं चित्र, असं होतं: एकाच बाजूला उतरणारं गडद करडं पाखं, १४ मीटर रुंद आणि वळचणीपर्यंत ९ मीटर लांब. उतार जेमतेम ३ अंशांचा. पट्टीने आखल्यासारख्या शिवणी आणि मधल्या पट्ट्यांवर आभाळाचं स्वच्छ प्रतिबिंब. करारात छपराच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: "स्टँडिंग सीम, ०.६ मिमी पोलाद, डबल लॉक, सरकत्या क्लिपांसह, रेंडरप्रमाणे." चार गोष्टी नावानिशी लिहिलेल्या असताना कुठल्याही शहाण्या माणसाला हे पुरेसं वाटेल. प्रत्यक्षात त्या चारही गोष्टींना शेवटच्या एका शब्दाने पळवाट करून दिली.

कारण ते रेंडर पत्र्याच्या कुठल्याही खऱ्या घडणीवरून काढलेलंच नव्हतं. चित्रातल्या पट्ट्या मोजल्या तर २८ भरतात, म्हणजे १४ मीटरला प्रत्येकी ५०० मिमी. छपराचा पत्रा ५०० मिमी रुंदीच्या कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून, काढायचा होता. दोन्ही कडा उभ्या वळवून एकमेकींत अडकवायला त्यातले सुमारे ७० मिमी जातात आणि झाकणारी रुंदी ४३० मिमी उरते. त्या कॉइलमधून ५०० मिमीची पट्टी निघणं शक्यच नाही. आमच्या पाख्याला ३३ पट्ट्या लागल्या. चित्रात वर काचेची खिडकी होती, तिच्या चौकटीला शिवणी थेट जाऊन भिडत होत्या. पाणी बाजूला वळवायचं फ्लॅशिंग कुठेच नव्हतं. वळचणीला पत्र्याची कड खाली दुमडून आतल्या पट्टीत अडकवलेली हवी, तिथे नुसती धार संपत होती. संगणकावर एका सपाट पृष्ठभागाला रेघा आणि चकाकी दिली की असं चित्र तयार होतं. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे, त्यांना हे पहिल्या नजरेत कळतं आणि तरीही ते हेच चित्र कराराला जोडतात. म्हणून चित्र हवं तितकं बघा, पण कराराला शिवणीचा आणि वळचणीचा मापांसह काढलेला छेद जोडून घ्या. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आता पैसे. ४० टक्के आगाऊ घेतले, "कॉइल मागवायची आहे" म्हणून. आणखी ४० टक्के माल जागेवर उतरल्यावर. १५ टक्के काम संपल्यावर, आणि ५ टक्के राखून. म्हणजे एकही पट्टी छपरावर चढायच्या आत ८० टक्के रक्कम त्यांच्या खिशात गेली होती.

माल उतरला तेव्हाची गोष्ट आजही डोक्यातून जात नाही. कॉइलवर एक लेबल असतं, त्यावर जाडी, लेप आणि कॉइलचा क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकावरून कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागता येतं. आमच्याकडे कॉइल आलीच नाही, कापून वळवलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे आले. वेष्टनावर लेबलाचा अर्धा फाटलेला कागद आणि वाळलेला गोंद. त्याच संध्याकाळी दुसरे ४० टक्के मागून घेतले. वर प्रत्येक पट्टीवर संरक्षक फिल्म होती, त्यामुळे पृष्ठभाग झाकलेला आणि चकाकी फिल्मचीच. अशा स्थितीत घरमालकाने काय ओळखायचं? ओळखता येऊ नये अशीच ती व्यवस्था होती.

ओळखायची रीत मात्र आहे आणि ती साधी आहे. कापलेला तुकडा घ्या, त्यातून नीट मोजून २०० गुणिले २०० मिमीचा चौकोन काढा आणि वजन करा. पोलादाची घनता दर घनमीटरला ७८५० किलो, त्यामुळे ०.६ मिमी पोलादाचा असा तुकडा १८८ ग्रॅम भरतो. धातूचा आणि रंगाचा लेप धरला तर सुमारे १९६. आमचा तुकडा भरला १४० ग्रॅम. मायक्रोमीटर लावला तर लेपासकट जाडी ०.४८ मिमी आणि आतलं पोलाद ०.४२. विचारल्यावर उत्तर आलं की "जाडी लेपासकट धरतात." लेपासकट धरली तरी ०.४८ काही ०.६ होत नाही! पण ही पळवाट फार चालते, म्हणून जाडी लिहिताना "लेपाशिवाय पोलादाची जाडी" हे शब्द घातलेच पाहिजेत. गेजच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका, तिथे आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ.

३३ पट्ट्या, प्रत्येकी अर्धा मीटर कॉइल आणि ९ मीटर लांबी, म्हणजे १४८.५ चौरस मीटर पत्रा. ठरल्याप्रमाणे त्याचं वजन ७२८ किलो व्हायला हवं. आलं ५२० किलो. उरलेल्या २०८ किलोचे पैसे आम्ही दिले आणि ते पोलाद आमच्या घरी कधी आलंच नाही. माल उतरवताना गाडीच्या वजनकाट्याची पावती मागा, एवढ्या एका कागदाने हे उघडं पडतं. आणि बिल कुठल्या क्षेत्रफळावर लावणार, तेही आधी लिहून घ्या. छप्पर १२६ चौरस मीटरचं आहे, बिल १४८.५ चं लागलं. दर कॉइलच्या क्षेत्रफळावर ठरला असेल तर ते योग्यच, पण आमच्या करारात "छपराचं क्षेत्रफळ" असं लिहिलं होतं.

पातळ पत्र्याचं नुकसान वजनावर संपत नाही. फिल्म निघाली आणि पट्ट्यांच्या सपाट भागात लाटा दिसू लागल्या. सकाळी तिरपं ऊन पडलं की प्रत्येक पट्टीवर उजेड वेडावाकडा हलतो. धातूच्या सपाट पट्टीत थोडी लाट येतेच, हे खरं आहे. पट्टी जितकी रुंद, पत्रा जितका पातळ आणि रंग जितका चमकदार, तितकी ती जास्त दिसते. रेंडरने रुंद पट्टी, आरशासारखी चमक आणि शून्य लाट हे तिन्ही एकत्र विकलं, आणि तसं छप्पर कोणीच बनवून देऊ शकत नाही. लाट कमी हवी असेल तर जाड पत्रा, अरुंद पट्टी, कमी चकाकीचा रंग आणि पट्टीत बारीक उभ्या रेघा दाबून घेणं, हे उपाय आहेत. यातला एकही आम्हाला सुचवला गेला नाही, कारण मग चित्र विकलं गेलं नसतं.

सर्वात मोठी लबाडी शिवणीत आहे. डबल लॉकमध्ये दोन पट्ट्यांच्या उभ्या कडा एकत्र धरून पूर्ण १८० अंशात दुमडतात. त्यासाठी शिवणीवरून चालत जाणारं दुमड यंत्र लागतं, कोपऱ्यांना हाताची अवजारं. आमच्या छपरावर ते यंत्र आलंच नाही. माणसं पट्ट्या एकमेकींवर ठेवून तळव्याने दाबत, बुटाने ठोकत पुढे गेली आणि टक टक असा आवाज येत राहिला. तो आवाज स्नॅप लॉकचा असतो, दाबून बसणाऱ्या शिवणीचा. खालून दोन्ही सारख्याच दिसतात, नुसत्या उभ्या रेघा. पण स्नॅप लॉकला साधारण १४ अंशांचा उतार लागतो. डबल लॉक सीलंटसह अडीच-तीन अंशांवरही चालतं, म्हणूनच ते ठरलं होतं. ३ अंशांवर ९ मीटरमध्ये उतार फक्त ४७ सेंटिमीटर मिळतो, पाणी हळू सरकतं, तुंबलं की शिवणीपर्यंत चढतं आणि न दुमडलेल्या फटीतून आत ओढलं जातं. आमच्याकडे नेमकं तेच झालं: खिडकीच्या वरच्या बाजूला, जिथे पाणी अडतं, तिथे छताला डाग आला. काम चालू असताना छपरावर दुमड यंत्र दिसलं नाही तर काम त्याच क्षणी थांबवा.

क्लिपांचंही तेच. ९ मीटर पोलाद १० अंश सेल्सियसपासून उन्हात ७० अंशांपर्यंत तापलं तर साडेसहा मिलिमीटर वाढतं. सरकती क्लिप पट्टीला ते हलणं करू देते. ठरल्याप्रमाणे दर ६०० मिमीला एक, म्हणजे पट्टीमागे सुमारे १६ आणि एकूण ५२८ क्लिपा लागायला हव्या होत्या. बिलात त्या आहेत. छपरावर मात्र पट्टीच्या कडेलाच भोकं पाडून स्क्रू घट्ट पिळले आहेत, आणि पुढची पट्टी बसली की ते झाकले जातात. हे कळलं ते कडेची शेवटची पट्टी उचलल्यावर. पत्र्याला हलायला जागा नाही, म्हणून लाटा आणखी वाढल्या आणि ऊन चढलं की छप्पर कडकडतं. क्लिपांची खोकी पहिल्याच दिवशी मोजा. पहिल्या तीन पट्ट्या बसताना उभं राहून फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. नंतर पुरावा मिळवायचा तर छप्पर उसवावं लागतं.

तक्रारीचं काय झालं तेही सांगतो, कारण तिथे झालेला संताप वेगळाच आहे. पोलिसांनी अर्ज वाचायच्या आधीच सांगितलं, हा करारभंग आहे, दिवाणी न्यायालयात जा. ०.६ च्या नावाखाली ०.४२ देऊन बिलात ०.६ लिहिणं ही चोरी नाही तर काय आहे? बांधकाम परवानगीच्या कार्यालयात उत्तर मिळालं की आम्ही छपराची उंची आणि हद्द बघतो, पत्र्याची जाडी नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात बाईंनी रेंडर आणि छपराचा फोटो शेजारी शेजारी धरले आणि म्हणाल्या, "सारखंच तर दिसतंय." आम्ही तुकडा, वजन, मायक्रोमीटरची नोंद पुढे केली, तर "तज्ज्ञाचा अहवाल आणा" म्हणून अर्ज परत. तज्ज्ञाला छप्पर उघडावं लागतं आणि छप्पर उघडलं की ठेकेदार म्हणतो, तुम्हीच हात लावला, हमी संपली. पत्रा पुरवणाऱ्याने लेखी कळवलं की पट्टीतली लाट हा दिसण्यापुरता प्रश्न आहे, दोष मानला जात नाही. हे उत्तर या धंद्यात सगळीकडे मिळतं, त्यामुळे लाटेवर तक्रार उभी करू नका. जाडी, शिवण आणि क्लिपा मोजता येतात, त्यांच्यावरच करा, आणि लाट किती चालेल ते हवं असेल तर आधी पूर्ण लांबीची नमुना पट्टी उन्हात ठेवून, दोघांनी बघून मान्य करा.

रंगाबद्दल एकच: पीव्हीडीएफ हा जास्त टिकणारा रंग आणि साधा पॉलिस्टर नवे असताना डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. कॉइलच्या क्रमांकासह कारखान्याचं प्रमाणपत्र हाच पुरावा, आणि तो दुसरा हप्ता देण्याआधी हातात हवा. हमीपत्रावर तो क्रमांक नसेल तर हमी कशाची, हे कोणी सांगू शकत नाही.

हप्त्यांची वाटणी कामाला बांधा. माल उतरण्यावर देऊ नका, वजन आणि प्रमाणपत्र जुळण्यावर द्या. शेवटचा हप्ता फिल्म पूर्ण निघाल्यावर आणि खिडकीच्या वरच्या बाजूला पाइपने भरपूर पाणी सोडून आतून छत बघितल्यावर. फिल्म उन्हात फार दिवस ठेवू देऊ नका, ती पत्र्याला चिकटून बसते आणि निघताना डाग सोडते. आणि पहिल्या गठ्ठ्यातला एक कापलेला तुकडा, मागे दोघांच्या सह्या आणि तारीख घालून, घरात जपून ठेवा.